फसवे जुळे शब्द

समजा, रत्नागिरीच्या हापूसच्या रसाच्या डब्यावर ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ हे स्पॅनिशमध्ये छापायचे आहे. इंग्रजीवरून अंदाजाने ‘प्रेसेर्वातिवो’ लिहिले, तर वाचणाऱ्याला ‘यात निरोध नाही’ असे कळेल! अन्न टिकवणाऱ्या पदार्थाला स्पॅनिश शब्द आहे ‘कोन्सेर्वान्ते’. ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ आणि ‘प्रेसेर्वातिवो’ हे दोन्ही शब्द ‘आधीच राखणे’ या अर्थाच्या एकाच लॅटिन मुळातून आले. इंग्रजीत राखण अन्नाची झाली, स्पॅनिशमध्ये माणसाची.

इंग्रजी ‘एम्बॅरस्ड’सारखा वाटणारा स्पॅनिश शब्द ‘एम्बारासादा’ही असाच फसवतो. ‘मी ओशाळले’ म्हणायला गेलेली इंग्रजीभाषक बाई ‘मी गरोदर आहे’ असे सांगून बसते. ओशाळलेलीसाठी ‘आवेर्गोन्सादा’ हा शब्द आहे.

आपल्याला हे नवे नाही. हिंदीत ‘शिक्षा’ शाळेत मिळते, मराठीत गुन्ह्याला. म्हणून शब्द ओळखीचा वाटला, तरी त्याचा अर्थ कोशात पाहूनच तो वापरावा.