झटक्याचा हिशेब

हृदय लयीत ठोके द्यायचं सोडून नुसतं थरथरू लागलं, की रक्त पुढे जात नाही. अशा वेळी डॉक्टर डिफिब्रिलेटरने छातीवर विजेचा झटका देतात. बर्नार्ड लाउन यांनी १९६२ च्या सुमारास कपॅसिटरमधून सोडलेला डीसी झटका रूढ केला. हिशेबासाठी ३२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५००० व्होल्टपर्यंत भरलेला आहे असं धरू. त्यावर ०.१६ कूलोम प्रभार असतो.

छातीचा रोध ५० ओहम धरला, तर पहिल्या क्षणी १०० अँपिअर प्रवाह वाहतो. पण कपॅसिटर रिकामा होत जातो तसा प्रवाहही उतरतो आणि १.६ मिलिसेकंदांत ३७ अँपिअरवर येतो. मग प्रवाहाला वेळेने गुणायचं तर कोणता आकडा घ्यायचा? शंभर घेतला तर उत्तर फुगतं, सदतीस घेतला तर कमी पडतं. म्हणून वेळेचे अगदी बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातला प्रवाह त्या तुकड्याच्या वेळेने गुणायचा आणि सगळं जोडायचं. यालाच संकलन म्हणतात:

Q = ∫ i dt

शेवटपर्यंत जोडत गेलं की बेरीज बरोबर ०.१६ कूलोम भरते. एखाद्याच्या छातीचा रोध १०० ओहम असेल, तर प्रवाह ५० अँपिअरपासून सुरू होतो आणि दुप्पट वेळ रेंगाळतो. आलेखाचा आकार बदलतो, त्याखालचं क्षेत्रफळ मात्र तेवढंच राहतं.

ऊर्जेच्या हिशेबात मात्र हमखास घोळ होतो. ०.१६ गुणिले ५००० म्हणजे ८०० ज्यूल, असं सरळ वाटतं. पण भरताना पहिला प्रभार रिकाम्या कपॅसिटरवर जातो, त्याला जवळजवळ काहीच कष्ट पडत नाहीत. पूर्ण ५००० व्होल्टच्या विरोधात ढकलावा लागतो तो फक्त शेवटचा. म्हणून इथेही तुकडे जोडायचे:

W = ∫ v dq = ½CV²

उत्तर येतं ४०० ज्यूल, म्हणजे निम्मं.

ही दोन संकलनं एकाच वेगाने भरत नाहीत, आणि मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. झटका १.६ मिलिसेकंदांनी तोडला, तर प्रभार ६३ टक्केच गेलेला असतो, ऊर्जा मात्र ८६ टक्के पोचलेली असते, कारण सुरुवातीचा प्रभार जास्त व्होल्टेजवरून निघतो. रेंगाळणारा क्षीण प्रवाह हृदयाला पुन्हा थरथरायला लावू शकतो. म्हणून पुढच्या अनेक यंत्रांत ही शेपटी मुद्दाम कापलेली असते, आणि त्यात ऊर्जेचं फारसं नुकसान होत नाही.

कपॅसिटर जुना होऊन २८ मायक्रोफॅरडवर आला, तर ५००० व्होल्टला ३५० ज्यूलच साठतात. नुसतं व्होल्टेज मोजून ऊर्जा दाखवणारं यंत्र तरीही ४०० च दाखवेल. म्हणून तपासणीत झटका ५० ओहमच्या रोधकात सोडतात आणि व्होल्टेजच्या वर्गाला रोधाने भागून क्षणाक्षणाची बेरीज करतात. खरोखर किती ज्यूल बाहेर पडले, ते तिथे कळतं.