साखर आत गेली की पाणी बाहेर आलं?

परासरणावरचा एक नेहमीचा प्रश्न घेऊ. कच्च्या बटाट्याची ५ ग्रॅम वजनाची फोड साखरेच्या दाट द्रावणात तासभर ठेवली. काढून पुसली, तर ती लिबलिबीत झाली होती आणि वजन ४.४ ग्रॅम भरलं. असं का झालं?

बरीच मुलं लिहितात : ‘बाहेर साखर जास्त, आत कमी, म्हणून परासरणाने साखर बटाट्यात गेली आणि दोन्हीकडचं प्रमाण सारखं झालं.’ वाक्य शास्त्रीय वाटतं, पण ते प्रश्नातल्याच आकड्याशी जुळत नाही. साखर आत शिरली असती, तर फोड जड व्हायला हवी होती. ती तर ०.६ ग्रॅमने हलकी झाली आहे. म्हणजे काहीतरी बाहेर पडलं, आणि ते पाणी होतं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की पाणी सुटतं, तेही याच कारणाने.

खरी मेख पेशीभोवतीच्या पटलात आहे. हे पटल निवडक्षम आहे. पाण्याचे रेणू त्यातून सहज ये-जा करतात. साखरेचे रेणू मात्र जवळजवळ अडकून राहतात. पाणी दोन्ही दिशांनी जातच असतं, पण दाट द्रावणात पाण्याचं प्रमाण तुलनेने कमी असल्याने बाहेर जाणारं पाणी आत येणाऱ्यापेक्षा जास्त ठरतं. या निव्वळ फरकालाच आपण परासरण म्हणतो. पटल द्राव्याला अडवतं म्हणूनच हा सगळा प्रकार घडतो. उत्तरात साखरेला पलीकडे पाठवलं, तर ज्या अडथळ्यामुळे परासरण होतं तोच आपण काढून टाकतो.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे मोजून दाखवलं. सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीत त्यांनी कॉपर फेरोसायनाइडचं पटल तयार केलं, आत साखरेचं द्रावण भरून भांडं बंद केलं आणि ते पाण्यात ठेवलं. आतला दाब वाढत गेला. १ टक्का द्रावणासाठी तो पाऱ्याच्या सुमारे ५३५ मिलिमीटर उंचीइतका भरला. साखर बाहेर जाऊन प्रमाण ‘सारखं’ होणार असतं, तर असा दाब टिकलाच नसता. पाणी आत आलं, साखर आतच राहिली आणि वाढलेल्या दाबाने पुढचा ओघ रोखला. तरीही आत साखर होती, बाहेर नव्हती. ‘प्रमाण सारखं होईपर्यंत’ हे शेपूट म्हणूनच प्रत्येक उत्तराला जोडता येत नाही.

मग चूक इतकी सर्रास का होते? वर्गात आधी विसरण शिकवतात : अत्तराचा वास किंवा शाईचा थेंब, जास्तीकडून कमीकडे. त्यानंतर परासरण येतं आणि पुष्कळदा ‘कमी तीव्रतेकडून जास्त तीव्रतेकडे’ एवढाच तुकडा पाठ होतो. इथे तीव्रता द्राव्याची आणि प्रवास पाण्याचा, हे त्यात सांगितलेलंच नसतं. मूल ती जागा ओळखीच्या विसरणाने भरतं आणि साखरेला चालायला लावतं.

द्राव्य कधीच पटल ओलांडत नाही, असंही मात्र नाही. तांबड्या रक्तपेशी ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात जशाच्या तशा राहतात. तेवढ्याच परासरणी दाबाच्या युरियाच्या द्रावणात मात्र त्या फुगून फुटतात. युरिया पटलातून आत जातो, त्यामुळे आतल्या द्राव्यात भर पडते आणि मग पाणी आत ओढलं जातं. इथे युरियाचा प्रवास म्हणजे विसरण. परासरण त्याच्या मागून आलेल्या पाण्याचं. दोन्हींचा उल्लेख करावा, पण नावं अदलाबदल करू नयेत.

बटाट्याचं उत्तर असं लिहावं : ‘बाहेरचं द्रावण पेशीरसापेक्षा दाट, म्हणजे अतिपरासारी आहे. पेशीपटल साखरेला अडवतं, पाण्याला जाऊ देतं. म्हणून निव्वळ पाणी पेशींतून बाहेर गेलं, फोडीचं वजन घटलं आणि ती लिबलिबीत झाली.’ कोण हललं, कुठून कुठे आणि कशातून, हे तिन्ही त्यात आलं. लिहून झाल्यावर वजनाशी ताळा करावा : पाणी बाहेर तर वजन कमी, पाणी आत तर जास्त. वजन बदललंच नाही, तर द्रावण समपरासारी. बटाट्याच्या बाबतीत ते साधारण १०० मिलिलिटरमध्ये ८ ते १० ग्रॅम साखरेच्या आसपास येतं.

मुलांचं ते पहिलं उत्तर बरोबर ठरेल अशी फोडही करता येते. बटाटा आधी उकडायचा. उष्णतेने पेशीपटलं निकामी होतात, साखरेला अडवणारं काही उरत नाही आणि ती खरंच आत झिरपते. आवळ्याच्या मुरांब्यासाठी आवळे आधी वाफवतात आणि मग पाकात टाकतात, तेव्हा हेच साधतं. फक्त त्या झिरपण्याला परासरण म्हणता येत नाही. ते विसरण आहे.