एक बाजू, एक कोन आणि छपराचा वासा

कोकणातल्या कौलारू घराचं छप्पर नव्याने चढवायचं ठरलं, की सुतार आधी दोन गोष्टी विचारतो: घराची रुंदी किती आणि उतार किती ठेवायचा. समजा रुंदी 6 मीटर आहे आणि आढं बरोबर मध्यावर येणार आहे. म्हणजे भिंतीच्या माथ्यापासून आढ्याच्या खालच्या बिंदूपर्यंतचं आडवं अंतर झालं 3 मीटर. उतार 35 अंशांचा. आता भिंतीच्या माथ्यापासून आढं किती उंच येईल, वासा किती लांब लागेल आणि आढ्याशी वाशाला कोणता कोन पडेल, ही तिन्ही उत्तरं एवढ्याच माहितीतून निघतात. त्रिकोण पूर्ण सोडवणं म्हणतात ते हेच. तरी या प्रश्नाभोवती इतके गैरसमज साठलेले असतात, की दहावीला चांगले गुण मिळवलेला माणूसही छपराखाली उभा राहिला की गोंधळतो.

त्यातला पहिला गैरसमज असा, की माहिती अपुरी आहे. ‘पायथागोरसला दोन बाजू लागतात, आपल्याकडे तर एकच आहे’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. दोन बाजू लागतात त्या पायथागोरसच्या प्रमेयाला. त्रिकोणाला लागतात तीन गोष्टी, आणि त्यांत किमान एक बाजू असावी लागते. आपल्याकडे तिसरी गोष्ट आहे, फक्त ती मोजावी लागत नाही म्हणून तिचा विसर पडतो. ती म्हणजे काटकोन. आढ्यातून सोडलेला ओळंबा उभा, दोन्ही भिंतींचे माथे जोडणारी रेषा आडवी, म्हणून त्यांच्यात 90 अंश. दोन कोन कळले की तिसरा आपोआप ठरतो आणि त्याबरोबर त्रिकोणाचा आकार ठरतो. आकार ठरला तरी त्रिकोण लहान आहे की मोठा हे कळत नाही. ते एक बाजू सांगते. म्हणूनच बाजू न देता दोनच काय, तिन्ही कोन दिले तरी वाशाची लांबी निघणार नाही.

यातून एक गोष्ट ओघाने येते. काटकोन ही माहिती असेल तर ती खरीही असली पाहिजे. एका बाजूची भिंत दुसरीपेक्षा थोडी उंच राहिली असेल, तर माथे जोडणारी रेषा आडवी राहत नाही आणि पुढचं सगळं गणित दुसऱ्याच त्रिकोणाचं होतं. जुने सुतार लाकूड कापण्यापूर्वी पाण्याची नळी धरून दोन्ही माथे एका पातळीत आहेत का ते बघतात, ते याचसाठी.

दुसरा गैरसमज अधिक खोलवरचा आहे. साइन, कोसाइन, टॅन हे कॅल्क्युलेटरमधून येणारे गूढ आकडे आहेत, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते म्हणजे आधीच कुणीतरी सोडवून ठेवलेला त्रिकोण असतो. आर्यभटांनी इसवी सन 499 मध्ये रचलेल्या ‘आर्यभटीया’त हे उघड दिसतं. त्यांनी वर्तुळाची त्रिज्या 3438 धरली आणि शून्यापासून 90 अंशांपर्यंत दर पावणेचार अंशांवरच्या ज्यांमधले 24 फरक दिले. ते मिळवत गेलं की ज्या मिळतात. इथे ज्या म्हणजे 3438 लांबीचा कर्ण असलेल्या काटकोन त्रिकोणातली कोनासमोरची बाजू. त्यांच्या सारणीनुसार 33 अंश 45 कलांची ज्या 1910 येते आणि 37 अंश 30 कलांची 2093. आपले 35 अंश या दोहोंमधल्या अंतराच्या बरोबर एक तृतीयांशावर आहेत. फरक 183, त्याचा एक तृतीयांश 61, म्हणून ज्या 1971. उरलेल्या बाजूसाठी 55 अंशांची ज्या काढायची. ती 52 अंश 30 कलांची 2728 आणि 56 अंश 15 कलांची 2859 यांच्यामधून अशीच काढली की सुमारे 2815 येते.

म्हणजे 35 अंशांचा एक त्रिकोण पंधरा शतकांपूर्वीच सोडवलेला आहे: आडवी बाजू 2815, उभी 1971, कर्ण 3438. आपला छपराचा त्रिकोण याच आकाराचा आहे, फक्त त्याची आडवी बाजू 3 मीटर. पुढे निव्वळ त्रैराशिक. 2815 ला 1971, तर 3 ला किती? 2.10 मीटर. 2815 ला 3438, तर 3 ला किती? 3.66 मीटर. कॅल्क्युलेटरवर तेच असं दिसतं:

उंची = 3 × tan 35° = 3 × 0.7002 = 2.10 मीटर
वासा = 3 ÷ cos 35° = 3 ÷ 0.8192 = 3.66 मीटर

माझ्या मते शाळेत आधी त्रैराशिक दाखवून मग ही सूत्रं दिली, तर ‘इथे गुणायचं की भागायचं’ हा प्रश्नच पडणार नाही. दिलेली बाजू ज्या बाजूशी जुळते तिने भागायचं, हवी ती बाजू ज्या बाजूशी जुळते तिने गुणायचं. सूत्र पाठ नसलं तरी एवढं पुरतं.

तिसरा गैरसमज मात्र लाकूड वाया घालवतो. एक बाजू आणि एक कोन दिला की त्रिकोण एकच, असं धरून लोक ‘3 मीटर आणि 35 अंश’ एवढंच सांगून मोकळे होतात. कोणती बाजू हे सांगितलं नाही, तर या दोन आकड्यांतून तीन वेगळे त्रिकोण निघतात. 3 मीटर आडवं अंतर असेल तर उंची 2.10 आणि वासा 3.66. सुताराने 3 मीटर हीच वाशाची लांबी समजली, तर आडवं अंतर 2.46 भरेल आणि उंची 1.72, म्हणजे वासा आढ्यापर्यंत पोचणारच नाही. आणि 3 मीटर ही आढ्याची उंची असेल तर आडवं अंतर 4.28 आणि वासा 5.23. गणितं तिन्ही बरोबर आहेत. फरक फक्त त्या 3 ला आकृतीत कोणत्या रेषेवर लिहिलं याचा आहे. म्हणून आकृती आधी, सूत्र नंतर. कर्ण कायम काटकोनासमोर असतो, पण ‘संमुख’ आणि ‘लगतची’ ही नावं कोनावरून ठरतात. पायथ्याच्या 35 अंशांची संमुख बाजू हीच माथ्याच्या 55 अंशांची लगतची बाजू आहे.

कोन दुप्पट केला की उंची दुप्पट होते, हाही एक सर्रास समज. त्याच 3 मीटर अंतरावर उतार 70 अंश केला तर आढं 8.24 मीटर वर जाईल, जवळजवळ चौपट. कोनाच्या मापातली चूकही अशीच वाढते. 35 च्या जागी 36 अंश धरले तर उंची 8 सेंटिमीटरने चुकते, पण 70 च्या जागी 71 धरले तर तब्बल 47 सेंटिमीटरने. उतार ‘एका फुटाला आठ इंच’ अशा भाषेत सांगण्याची पद्धत मला म्हणूनच फार सोयीची वाटते. आठ भागिले बारा हा थेट टॅनच आहे, कोन मोजण्याची भानगडच नाही.

आता पायथागोरसकडे. दोन बाजू मिळाल्यावर तिसरी पायथागोरसने काढावी, असं पुष्कळ जण शिकवतात. आपल्या छपरात ते चालून जातं. पण चाकाच्या खुर्चीसाठी पायऱ्यांवर टाकायचा 6 मीटर लांबीचा उतार घ्या, कोन 5 अंश. आडवं अंतर 6 × cos 5° म्हणजे 5.977 मीटर. कुणी ते 5.98 लिहिलं. चूक झाली अवघी 3 मिलिमीटरची. आता 36 मधून 5.98 चा वर्ग वजा करून मूळ काढलं, की उंची येते 0.49 मीटर. खरी उंची 6 × sin 5°, म्हणजे 0.52 मीटर. 3 मिलिमीटरची चूक वाढून 3 सेंटिमीटरची झाली, कारण जवळजवळ सारख्या दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीत सगळी अचूकता वाहून जाते. म्हणून प्रत्येक बाजू मूळ दिलेल्या बाजू-कोनावरूनच काढावी. काढलेल्या बाजूवरून पुढची काढू नये.

मग पायथागोरस पडताळ्यासाठी तरी वापरावा का? वापरावा, पण तो काय पकडत नाही हे ओळखून. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे DEG ऐवजी RAD वर असला, तर tan 35 दाबल्यावर 0.474 येतं आणि उंची 1.42 मीटर. आकडा दिसायला अगदी साळसूद. तिथेच cos 35 दाबलं तर उत्तर ऋण येतं आणि माणूस सावध होतो. पण काही कॅल्क्युलेटरवर GRAD नावाची तिसरी सोय असते, तिच्यात काटकोनाचे 100 भाग मानतात. तिथे उंची 1.84 येते, वासा 3.52, दोन्ही धन आणि दोन्ही पटण्याजोगे. पायथागोरस लावून बघितलं तर तोही जुळतो! कारण निघालेला त्रिकोण खरोखरच काटकोन त्रिकोण आहे, फक्त तो 31.5 अंशांचा आहे. बाजू एकमेकींशी जुळतात का एवढंच पायथागोरस तपासतो. कोन तुमचाच आहे का, हे तो विचारत नाही.

यावर दोन साधे उपाय आहेत. सुरुवातीला sin 30 दाबून बघावं, 0.5 यायला हवं. आणि शेवटी कागदावर प्रमाणात काढून बघावं. एका मीटरला 5 सेंटिमीटर धरून 15 सेंटिमीटरची आडवी रेघ, कोनमापकाने 35 अंश, दुसऱ्या टोकाला गुण्या लावून उभी रेघ. ती 10.5 सेंटिमीटर भरली तर ठीक. GRAD चं उत्तर 9.2 सांगत असतं, हा फरक पट्टीवर लपत नाही.

राहिला तिसरा अज्ञात, दुसरा लघुकोन. 90 वजा 35, पंचावन्न अंश. एका वजाबाकीचं काम, म्हणून तो केवळ उत्तरपत्रिका पूर्ण करण्यासाठी लिहायचा असतो असं मुलांना वाटतं. वासा कापणाऱ्याला तो दोन्ही बाजूंइतकाच लागतो. वाशाचं वरचं टोक आढ्याला उभं टेकतं, म्हणून तिथला काप वाशाशी 55 अंशांचा, आणि भिंतीच्या माथ्यावर वासा सपाट बसतो तिथली खाच 35 अंशांची. दोन्ही पाखी आढ्याशी भेटतात तिथे दोन पंचावन्न मिळून 110 अंश होतात. वळचणीसाठी वासा भिंतीबाहेर आडवा 60 सेंटिमीटर न्यायचा असेल, तर त्याच्या लांबीत 60 नव्हे, 60 ÷ cos 35°, म्हणजे 73 सेंटिमीटर मिळवायचे. नुसते 60 मिळवले तर वळचण 49 सेंटिमीटरच बाहेर येते. तेव्हा एका वाशाची एकूण लांबी 3.66 अधिक 0.73, म्हणजे 4.39 मीटर. वखारीत लाकूड सांगताना कापाकापीसाठी थोडी जास्तीची लांबी धरून साडेचार मीटर सांगावी.