कलाकंदाचा रवा

राजस्थानातलं अलवर कलाकंदासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या वडीचा मधला भाग तपकिरी असतो आणि जिभेवर आधी रवा लागतो, मग तो विरघळतो. हा रवा म्हणजे अर्धवट नासलेलं दूध. पनीर करताना दूध पुरतं नासवतात आणि पाणी गाळून टाकतात. कलाकंदात ते जेमतेम नासवायचं आणि पाणी कढईतच आटवायचं, म्हणजे निवळीतली साखर आणि क्षारही वडीतच राहतात.

हे जेमतेम साधणं हीच हलवायाची कसोटी. दुधातलं केसिन दूध थंड असताना बरंच आंबट झाल्याशिवाय गोळा होत नाही, उकळत्या दुधाला मात्र थोडंसं आंबटही पुरतं. दूध आटलेलं असेल तर आणखीच कमी. म्हणून दोन लिटर म्हशीचं ताजं दूध आधी निम्म्यावर आणायचं. अर्धा ग्रॅम लिंबूफूल, किंवा दोन लहान चमचे लिंबाचा रस, पाच-सहा चमचे पाण्यात मिसळायचा आणि आच मंद करून चमचा-चमचा घालत जायचं. प्रत्येक चमच्यानंतर थोडं थांबून उलथन्यावर दूध घेऊन पाहावं. बारीक कणी दिसली आणि भोवतीचं दूध अजून पांढरंच असलं, की हात आवरायचा, आंबट पाणी उरलं तरी. दूध जरा शिळं असेल तर ते आधीच आंबटलेलं असतं, त्यामुळे माप ठरलेलं असूनही लक्ष ठेवावं लागतं. काही हलवाई लिंबाऐवजी तुरटीची चिमूट वापरतात.

हिरवट पाणी सुटलं तर समजावं, आंबट जास्त झालं. मग कणी मोठी, चिवट होते, दाताखाली करकरते, आणि कितीही आटवलं तरी मऊ होत नाही. आंबट कमी पडलं तर गुळगुळीत खवा मिळतो. तो वाईट नसतो, पण कलाकंद नव्हे.

कणी धरल्यावर आच मध्यमपर्यंतच वाढवावी. भडक आचेत कणी स्वतःतलं पाणी पिळून टाकते आणि घट्ट होते. उलथनं तळाशी फिरवायचं, घोटायचं नाही. घोटलं की रवा मोडतो. साखर शेवटी, साधारण दीडशे ग्रॅम. ती पडताच मिश्रण सैल होतं, घाबरू नये. पुन्हा कडा सोडू लागलं, पण अंगावर ओलसर चकाकी असली, की उतरवायचं. कोरडं होईपर्यंत थांबलात तर वडी भुसभुशीत होते.

आता तपकिरी गाभ्याचं. खोल डब्यात गरम मिश्रण भरून झाकलं, की मध्यभाग तासन् तास गरम राहतो, आणि दुधातली साखर व प्रथिनं तिथे हळूहळू रंग धरतात. उथळ ताटात थापलेला कलाकंद पांढराच राहतो. दोन्ही खरे.

तयार पनीर कुस्करून कंडेन्स्ड मिल्कमध्ये शिजवलेला झटपट कलाकंद गोड लागतो, पण त्यात रवा पनीरचाच असतो.