पाकिटातला भात आणि न वाळणारी आठळी

दिवाळी अंकाच्या संपादकांनी बियांच्या बँकेवर लिहायला सांगितलं, तेव्हा माझ्या डोक्यात फक्त थंडी होती. स्वालबार्डचा तो बर्फातून बाहेर आलेला काँक्रीटचा दरवाजा सगळ्यांनीच फोटोत पाहिलेला असतो. २००८ साली उघडलेल्या त्या भुयारात जगभरच्या पिकांच्या बिया उणे १८ अंशांवर ठेवल्या आहेत. आपल्याकडे तेच काम दिल्लीच्या पुसा संकुलातला राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो करतो. १९७६ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या शीतगृहांत साडेचार लाखांहून अधिक नमुने आहेत आणि तिचं एक केंद्र आपल्या अकोल्यात आहे. संस्थेचा इतिहास माझ्या मते एवढ्यावर आटोपायला हरकत नाही, कारण वाचायला लागल्यावर मला थंडीपेक्षा तिच्या आधीची खोली जास्त गुंतवून गेली. ती म्हणजे सुकवणीची खोली.

या खोलीत साधारण १५ अंश तापमान आणि हवेत १५ टक्के सापेक्ष आर्द्रता राखतात. पावसाळ्यात कोकणात हीच आर्द्रता नव्वदच्या घरात असते. जाळीदार कापडी पिशव्यांत बी पसरून ठेवायचं आणि वाट पाहायची, एवढंच काम. बी हवेला ओलावा देत राहतं आणि काही आठवड्यांनी दोघांचं जमतं. भाताचं बी तेव्हा वजनाच्या सहा-सात टक्के पाण्यावर आलेलं असतं. मग ते तीन थरांच्या अॅल्युमिनियमच्या पाकिटात बंद करून शीतगृहात जातं.

सुकवणीवर इतका जोर का, हे एका समीकरणातून कळतं. रिचर्ड एलिस आणि एरिक रॉबर्ट्स यांनी ते १९८० साली इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातून मांडलं. बियांतला ओलावा आणि साठवणीचं तापमान दिलं, की उगवणक्षमता किती वेगाने घसरेल हे त्यातून निघतं. प्रत्येक पिकाचे स्थिरांक वेगळे असतात. भाताचे घालून मी हिशोब करून पाहिला. बी १२ टक्के ओलाव्यावरून ६ टक्क्यांवर आणलं, तर आयुष्य सुमारे तेहेतीस पट वाढतं. ३० अंशांवरून उणे १८ अंशांवर नेलं, तर सुमारे सत्तर पट. म्हणजे अठ्ठेचाळीस अंशांची थंडी, जिच्यासाठी कॉम्प्रेसर, जनरेटर आणि रात्रंदिवस वीज लागते, ती जे देते त्याच्या जवळपास निम्मं नुसतं सहा टक्के पाणी काढल्याने मिळतं. शिवाय या दोन्ही आकड्यांचा गुणाकार होतो.

कोरड्या बियांत थंडी घातक का ठरत नाही, याचं उत्तरही पाण्यातच आहे. भाताचं बी पिकत असताना शेवटच्या टप्प्यात स्वतःच वाळतं आणि त्या काळात पेशींमध्ये शर्करा व काही खास प्रथिनं साठवतं. पाणी गेलं की आतला द्रव घट्ट होत होत काचेसारखा थिजतो. त्यात रेणूंची हालचाल जवळजवळ थांबते आणि बर्फ व्हायला मोकळं पाणीच उरत नाही.

सहा टक्के ओलावा, उणे १८ अंश, हे धरून पुढे गेलो तर हिशोब असा सांगतो: ९८ टक्के उगवणीचं भाताचं बी ८५ टक्क्यांपर्यंत यायला सव्वाचारशे वर्षांहून थोडा जास्त काळ लागेल. तेच पाकीट, तीच थंडी, पण बी ९५ टक्क्यांचं असेल तर सुमारे अडीचशे वर्षं. ९० टक्क्यांचं असेल तर जेमतेम शंभर. उगवणीत आठ टक्क्यांचा फरक आणि आयुष्यातली तीन शतकं गायब. कारण उगवणक्षमता सरळ रेषेत घसरत नाही. बराच काळ ती वर टिकलेली दिसते आणि मग कडा ओलांडल्यासारखी कोसळते. ९० टक्क्यांचं बी त्या कडेच्या फार जवळ आलेलं असतं. वरवर पाहता दोन्ही ढिगांत काहीच फरक दिसत नाही.

म्हणून या धंद्यातली खरी लढाई शीतगृहात नव्हे, शेतात आणि खळ्यावर हरली किंवा जिंकली जाते. कापलेला भात परतीच्या पावसात दोन दिवस भिजला, ओला ढीग आतून तापला, की पहिली शतकं तिथेच खर्ची पडतात. इथे एक गंमतही आहे. ओलं बी हळूहळू, गारव्यातच सुकवावं असा अनेक वर्षांचा दंडक होता. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत केलेल्या प्रयोगांत उलटं दिसलं. कापणीच्या वेळी बरंच ओलं असलेलं भाताचं बी आधी काही दिवस ४५ अंशांच्या गरम हवेत सुकवलं, तर ते गारव्यात सुकवलेल्यापेक्षा जास्त टिकलं. एरवी उष्णता म्हणजे बियांचा नाश. पण हे बी अजून पुरतं पिकलेलं नसतं आणि ऊब मिळाली की आतली तयारी पुरी करून घेतं, असा त्याचा अर्थ लावतात. आधीच कोरडं झालेल्या बियाला मात्र ही गरम हवा काही देत नाही.

सव्वाचारशे वर्षांवर मात्र फार विसंबू नये. समीकरण बेतलं ते गरम, दमट साठवणीतल्या झटपट मरणावरून, आणि मग ते उणे १८ अंशांपर्यंत ताणलं. चारशे वर्षं कुणी थांबलेलं नाही. त्यामुळे दर काही वर्षांनी पाकीट फोडून पाहणं भाग असतं. आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे, ८५ टक्क्यांपर्यंत घसरायला जो काळ लागेल असा अंदाज आहे, त्याच्या एक-तृतीयांश काळानंतर तपासणी करायची.

या तपासणीतही फसायला जागा आहे. गोठलेलं पाकीट बाहेर काढून लगेच फोडलं, तर थंड बियांवर हवेतलं बाष्प जमतं आणि उरलेलं बी ओलावा घेऊन परत आत जातं. म्हणून ते रात्रभर बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ देतात. अतिकोरडं बी, विशेषतः कडधान्याचं, एकदम ओल्या कागदावर टाकलं तर पाणी इतक्या जोराने आत शिरतं की पेशींची पटलं फाटतात. डाळिंबीला आडव्या चिरा दिसल्या की समजावं, बी साठवणीत मेलेलं नव्हतं, चाचणीने मारलं. त्याला आधी एक दिवस दमट हवेत ठेवून सावकाश ओलावा द्यायचा असतो. जे उगवत नाही ते मेलेलं की नुसतं झोपलेलं, हे पाहायला ते कापून टेट्राझोलियमच्या द्रावणात बुडवतात. जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढराच राहतो.

आणि प्रत्येक चाचणी बी खाते. एका नमुन्याचे दोन ते चार हजार दाणे, त्यातले शंभर-दोनशे दर वेळी जायचे. फार कमी उरले किंवा उगवण घसरली, की ते शेतात पेरून नवं बी घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण गावरान वाणाच्या एका नमुन्यात अनेक थोडी थोडी वेगळी रोपं मिसळलेली असतात. त्यातली काही साठवणीत लवकर मरतात, काहींना पुसाची माती मानवत नाही. प्रत्येक पेरणीत वाण थोडा थोडा बदलतो आणि बाहेर चिठ्ठी मात्र जुनीच राहते. ८५ टक्क्यांचा हट्ट यासाठीच आहे. निम्मं बी मरेपर्यंत थांबलं, तर उरलेलं निम्मं हे मूळ वाणाचं खरं प्रतिनिधी असेलच असं नाही.

हे सगळं वाळणाऱ्या बियांचं. आता आठळी घ्या.

फणसाची आठळी झाडावर वाळत नाही. पावसाच्या तोंडावर ती गळून पडते तेव्हा तिच्या वजनाचं जवळपास निम्मं पाणीच असतं, आणि ती थांबायला तयार नसते, लगेच रुजायला निघते. कोकणात पावसाळ्यासाठी आठळ्या माती लावून ठेवतात तेही ओल जाऊ नये म्हणूनच. आंबा, कोकम, जांभूळ, चहा, कोको, रबर ही मंडळी याच जातीची. रॉबर्ट्सने १९७३ साली यांना ‘रिकॅल्सिट्रंट’ म्हटलं, म्हणजे न ऐकणाऱ्या. सुकवणीच्या खोलीत ठेवल्या तर त्या सुकूनच मरतात. तशाच ओल्या गोठवल्या तर आतल्या पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात. साध्या गारव्यात ठेवल्या तर बुरशी येते किंवा त्या पिशवीतच रुजतात.

यातून काढलेली वाट अशी. सगळी आठळी वाचवायची नाही, फक्त तिच्यातला अंकुर घ्यायचा. आठळी निर्जंतुक करून, दोन दळं अलग करून, मधला काही मिलिमीटरचा भ्रूणाक्ष धारदार पात्याने सोडवायचा. तो निर्जंतुक हवेच्या झोतात काही तास ठेवायचा. इथे वेगाला महत्त्व आहे, आणि ते डर्बनच्या पॅट्रिशिया बेर्जाक आणि नॉर्मन पॅमेंटर यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं. अर्धवट ओल्या अवस्थेत पेशींचे व्यवहार बिघडतात आणि ते बिघडलेले व्यवहारच भ्रूणाला मारतात. मोठी आठळी सावकाश सुकते, म्हणून त्या अवस्थेत फार वेळ अडकते. इवलासा भ्रूणाक्ष ती झटकन ओलांडतो. मग छोट्या कुपीत घालून तो थेट उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा. बाहेर काढताना कोमट पाण्यात भराभर वितळवायचा, कारण सावकाश वितळताना स्फटिक व्हायला पुन्हा अवसर मिळतो.

सुकून मरणं आणि ओलं राहून गोठणं यांच्यामधली खिडकी किती अरुंद आहे ते ब्युरोतल्याच चंदेल, रेखा चौधरी आणि सहकाऱ्यांच्या १९९५ सालच्या कामात दिसतं. त्यांनी चहा, कोको आणि फणस शेजारी शेजारी तपासले. चहाचे भ्रूणाक्ष सुमारे १३ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवून नायट्रोजनमधूनही चांगले परत आले. कोकोने दाद दिली नाही. फणस मध्ये कुठेतरी, आणि तोही आधी संरक्षक द्रावणांची मदत घेऊन. शिवाय ‘परत आले’ हेही जपून म्हणायचं असतं. वितळलेला भ्रूणाक्ष फुगतो, हिरवा होतो, मूळसुद्धा काढतो, पण शेंड्याची पेशी अधिक नाजूक असल्याने कोंब येत नाही. मूळ मोजणारा त्याला जिवंत म्हणेल. रोप मात्र कधीच होणार नाही.

समजा फणसाचं जमलं. तरी हापूसचं काय? हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही, परागकण कुठल्या झाडाचा हे कोयीला ठाऊक, आपल्याला नाही. वाण जपायचा तर त्याच झाडाचा शेंडा किंवा डोळा हवा. सफरचंदाचे डोळे कडक हिवाळ्यात मुळातच गोठायला तयार असतात, त्यामुळे ते नायट्रोजनमध्ये ठेवता येतात. आंब्याने असला हिवाळा पाहिलेलाच नाही. त्याचा शेंडा काचेच्या नळीत वाढवायला गेलं तर चिरलेल्या जागेतून द्रव्यं पाझरून माध्यम काळं पडतं आणि झाडाच्या आत राहणारे जीवाणू निर्जंतुक करूनही डोकं वर काढतात. केळीच्या शेंड्यांचं तंत्र बेल्जियममध्ये ल्युव्हेन इथे छान बसलं आहे. आंब्याचं तसं बसलेलं नाही.

म्हणून आंब्याच्या वाणांची साठवण अजून बागेतच आहे. रत्ना आणि सिंधू ज्या वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रातून निघाले, तिथल्यासारख्या बागांत, उघड्यावर, उभ्या झाडांच्या रूपात. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते ही वादळं याच किनाऱ्याने गेली. एका झाडाला जेवढी जागा लागते, तेवढ्यात भाताचे हजारो नमुने मावतात.

परागकणांची गोष्ट थोडी बरी आहे. आंब्याचे परागकण सुकवलेले चालतात, नायट्रोजनमध्ये टिकतात, आणि बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेत फळझाडांच्या परागकणांचा असा साठा आहे. वेगवेगळ्या महिन्यांत मोहरणाऱ्या दोन वाणांचा संकर त्यामुळे करता येतो. पण परागकणात वाणाचे निम्मेच जनुक असतात, आणि ते टाकायला समोर मोहरलेलं झाड लागतंच.