सुकेळीच्या छायाचित्रासाठी रिंग लाइट व ट्रायपॉडची निवड

वसई परिसरात राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी तयार करतात आणि केळीच्या वाळलेल्या पानांत गुंडाळून विकतात. अलीकडे कित्येक घरांतून हा माल मोबाइलवर छायाचित्रे दाखवूनही विकला जातो. गेल्या हंगामात आगाशीकडील एका भगिनीने पाठविलेली सुकेळी गिऱ्हाइकाने परत केली. चित्रात रंग काळपट दिसला होता, प्रत्यक्षात माल सोनेरी निघाला. तेव्हा हा माल दुसराच असावा, असा त्याचा ग्रह झाला. माल उत्तम होता, दोष दिव्याचा होता. म्हणून दिवा विकत घेताना काय पाहावे, याचा येथे विचार करू.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सुकेळीचा पृष्ठभाग चिकट व तुकतुकीत असतो. स्वस्त रिंग लाइटमध्ये फोनची पकड वलयाच्या मध्यभागी असते. प्रकाश फोनच्याच दिशेने मालावर पडतो आणि परतून थेट भिंगात येतो. त्यामुळे प्रत्येक सुकेळ्यावर पांढरे कडे उमटते. चेहऱ्यासाठी सोयीची ही रचना अशा मालास अडचणीची ठरते. यास्तव दिवा व फोन यांना वेगवेगळे आधार हवेत. दिवा मालाच्या बाजूस, सुमारे दोन फुटांवर, थोडा उंच ठेवून त्यापुढे चार बोटे अंतरावर पातळ पांढरे कापड ताणावे व समोरच्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा करावा. कडे नाहीसे होते व सावली मऊ पडते.

दिव्याची पारख रंगावरून करावी. प्रकाशात वस्तूचा रंग किती खरा दिसतो हे सी.आर.आय. या अंकाने सांगतात. सूर्यप्रकाशाचा अंक 100 धरतात. 95 च्या आसपासचा दिवा घ्यावा. 90 च्या खालचा तपकिरी मालास टाळावा. अंकच छापला नसेल, तर दुकानात सुकेळीचा तुकडा नेऊन दिव्याखाली व दाराच्या उजेडात, दोन्ही ठिकाणी चित्र घ्यावे. दिव्याचा प्रकाश अगदी मंद करून पांढऱ्या भिंतीकडे फोनचा कॅमेरा धरावा. पडद्यावर काळे पट्टे सरकू लागले, तर तो दिवा चित्रफितीच्या कामाचा नाही. घरी चित्र घेताना खोलीतील अन्य दिवे बंद ठेवावेत. दोन रंगांचे प्रकाश मिसळल्यास फोनला खरा रंग साधत नाही.

बाजारातील तीन नावे पाहू. टायगॉटचा 10 इंची संच यू.एस.बी.वर चालतो, वीज गेल्यास पॉवर बँकेवरही चालेल. मात्र जुन्या, कमी शक्तीच्या चार्जरवर असा दिवा मंद पडतो किंवा लुकलुकतो. डिजिटेक या भारतीय नावाखाली 10 ते 18 इंचांपर्यंतचे दिवे व ट्रायपॉड दोन्ही मिळतात. चीनमधील शेनझेनच्या गोडॉक्सचा मूळ व्यवसायच छायाचित्रणाच्या दिव्यांचा आहे. त्यांचे 18 इंची दिवे मोठ्या मांडणीस उपयोगी. दोन फुटांवरून 18 इंची वलयाचा प्रकाश 10 इंचीपेक्षा मऊ असतो. पण थाळीभर मालाचे चित्र काढणाऱ्या घरास 10 इंची दिवा व कापड पुरते. नावापेक्षा वरील दोन परीक्षा अधिक विश्वसनीय होत.

ट्रायपॉडची पाळी आता. फोन हलका असला तरी थाळीचे चित्र वरून घेताना तो आडव्या दांड्याच्या टोकाशी लोंबतो व ट्रायपॉड पुढे कलंडतो. पाय रुंद पसरणारा व मधल्या खांबाखाली वजन अडकविण्याची कडी असलेला ट्रायपॉड निवडावा. कडीस किलोभर तांदळाची पिशवी बांधावी. इटलीच्या मॅनफ्रोटोच्या 190 मालिकेतील काही ट्रायपॉडचा मधला खांबच आडवा होतो. पण मोठ्या कॅमेऱ्यासाठी घडविलेल्या त्या सामानाचा खर्च फोनसाठी करू नये. डिजिटेकचा साधा ट्रायपॉड व स्वतंत्र आडवा दांडा पुरे. फोनची पकड बसविण्याचा स्क्रू बहुतेक ठिकाणी पाव इंचाचाच असल्याने एकाची पकड दुसऱ्याच्या ट्रायपॉडवर बसते. सर्व साहित्य एकाच कंपनीचे घेण्याची गरज नाही.

वर सांगितलेल्या भगिनीने नवा दिवा न घेता जुनाच 10 इंची दिवा बाजूस ठेवला, चार्जर बदलला व फोन ट्रायपॉडवर लावला. सुकेळी सोनेरी दिसू लागली. ज्यांचे काम दिवसा होते त्यांनी खरेदीपूर्वी ऊन थेट न येणाऱ्या खिडकीशी, तेच कापड व पुठ्ठा लावून एक चित्र काढून पाहावे. ते समाधानकारक आल्यास दिव्याचे पैसे वाचवून केवळ ट्रायपॉड घ्यावा.