सेवापूर्तीच्या सभेत पहिलं नमन कोणाला?

मे महिना संपत आला की महाराष्ट्रातल्या सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांत सेवापूर्ती समारंभांची एकच गर्दी उडते. एका पिढीला शाळेत घालताना घरच्यांना जन्मतारीख सांगता यायची नाही आणि मास्तर दाखल्यावर 1 जून लिहून टाकायचे, त्याचा हा परिणाम. ज्या महिन्यात नियत वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस निवृत्त होतो. मात्र जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच. म्हणून 1 जूनवाले सगळे 31 मे रोजी एकदम बाहेर पडतात. एसटीच्या आगारात या तारखेला आणखी एक अर्थ आहे. पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली ती 1 जून 1948 रोजी. म्हणजे आज ज्याला शाल पांघरायची, त्याच्या घरी बसण्याच्या पहिल्याच दिवशी आगारात वर्धापनदिनाचं तोरण लागलेलं असतं.

अशा आगारातल्या एखाद्या चालकाचा समारंभ डोळ्यांपुढे आणा. विश्रांतिगृहाशेजारच्या शेडमध्ये सतरंजी, समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर हार आणि नारळ. पहिल्या रांगेत सत्कारमूर्तींचं घरदार आहे. पत्नी, मुलगा-सून, लेक-जावई आणि खास गावाहून आलेले व्याही. यातल्या बहुतेकांनी आगाराचं आतलं अंगण आज पहिल्यांदा पाहिलं आहे. मागे सहकारी आहेत, पण सगळे नाहीत. गाड्या थांबवून कोणी समारंभ करत नाही. निम्मे लोक मार्गावर आहेत, आणि वर्कशॉपमधले यांत्रिक ग्रीसने माखलेल्या कपड्यांनिशी दारातच उभे आहेत. आत येऊन खुर्चीवर बसायला त्यांना अवघडल्यासारखं होतं.

स्वागत करणारा माईकपाशी येतो आणि बहुतेक वेळा गाडी इथेच अडते. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विभागातून आलेले अधिकारी, संघटनेचे पदाधिकारी, प्रत्येकाच्या नावामागे हुद्दा आणि हुद्द्यामागे विशेषणं. चार-पाच मिनिटं गेल्यावर शेवटी येतं, ‘आणि सत्कारमूर्तींचे कुटुंबीय व माझे सर्व कर्मचारी बंधू-भगिनी.’ ज्यांच्यासाठी सभा भरली ते एका वाक्यात उरकले जातात. मला हा क्रम मुळातच चुकीचा वाटतो. अध्यक्षांचा मान आधी हवा, पण तो एका वाक्यात होतो. त्यानंतर थेट घरच्यांकडे वळावं. पाहुण्यांचा परिचय पुढे सूत्रसंचालक सत्काराच्या वेळी करणारच असतो. तेच दोनदा कशाला?

घरच्यांकडे वळायचं तर नावं माहीत हवीत. आगारात सगळे ज्यांना ‘मामा’ म्हणतात त्यांच्या पत्नी साहजिकच ‘मामी’ होतात. पण त्यांचं नाव काय, हे वर्षानुवर्षं शेजारी ड्युटी केलेल्यालाही सांगता येत नाही. मग माईकवरून ‘मामांच्या मिसेस’ असं काहीतरी ऐकू येतं. आदल्या दिवशी मुलाला एक फोन करावा. कोण कोण येणार आहे, नातं काय, नाव कसं उच्चारायचं, हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावं. आई हयात असतील तर त्यांचं नाव सर्वांत आधी. व्याह्यांचं नाव कधीच गाळू नये. ते सुटलं तर घरी जाताना त्याचीच चर्चा होते. आणि नुकतंच कोणी गेलं आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावं. पत्नी हयात नसताना ‘सपत्नीक सत्कार’ अशी घोषणा झालेली सभा मी पाहिली आहे. कागदावर छापलेलं तसंच वाचलं गेलं. त्या गृहस्थांनी मान खाली घातली आणि पुढचं कोणाचंच बोलणं सभेला ऐकवेना.

आता प्रत्यक्ष सुरुवात. नावांच्या जागा मोकळ्या ठेवून ती साधारण अशी होईल:

‘अध्यक्ष महोदय, आपल्या परवानगीने सुरुवात करतो. आमचे मामा आज खाकी वर्दीत शेवटचे आगारात आले आहेत. त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. … मामींचं मी आगाराच्या वतीनं स्वागत करतो. मामी, पहाटेच्या पहिल्या गाडीसाठी मामा घरातून निघायचे तेव्हा त्यांच्या आधी उठून डबा तुम्ही केलात. मुक्कामी गाडीच्या रात्री घर तुम्ही एकटीनं सांभाळलंत. दिवाळीत लोकांना गावी पोहोचवायला आमच्या गाड्या जादा सुटतात, म्हणून भाऊबीजेला मामा घरी नसायचे. आज ते सगळं आम्हाला ठाऊक आहे, एवढं सांगायला तुम्हाला इथे बोलावलं. चिरंजीव …, सूनबाई …, कन्या …, जावईबापू … आणि गावाहून आलेले व्याही श्री. …, आपलं सर्वांचं स्वागत. वर्कशॉपचे मित्र दारात उभे आहेत. पुढच्या खुर्च्या तुमच्यासाठीच ठेवल्यात, आत या. आणि जे आत्ता गाडीवर आहेत, त्यांचाही या सभेला नमस्कार.’

थांबत थांबत, खुर्च्यांकडे पाहत बोललं तरी हे दीड मिनिटात होतं. त्यात मामांचं कौतुक जवळजवळ नाही. ते काम पुढच्या वक्त्यांचं. स्वागत करणाऱ्यानं घरच्यांना एवढंच कळू द्यायचं, की त्यांनी सोसलेलं इथे कोणीतरी पाहिलं होतं. त्यासाठी डबा, मुक्काम, भाऊबीज असे घरच्यांना लगेच ओळखू येणारे प्रसंग लागतात. ‘त्यांच्या यशात आपला मोलाचा वाटा आहे’ हे वाक्य कोणाच्याही पत्नीला लागू पडतं, म्हणून ते मामींना लागत नाही. उलट, न घडलेला प्रसंग रचून सांगू नये. मामा कायम दिवसपाळीच्या जवळच्या फेऱ्यांवर असतील तर मुक्कामी गाडीचं वाक्य काढूनच टाकावं. मामींच्या चेहऱ्यावर ते खोटं लगेच उमटतं.

जी वाक्यं जिभेवर आयती येतात, त्यांतली दोन तरी मागे सारावीत. एक म्हणजे ‘मामा फार मनमिळाऊ होते’. माणूस समोर हार घालून बसलेला असतो आणि भूतकाळामुळे सभेला शोकसभेची कळा येते. नोकरी होती, स्वभाव आहे, इतका फरक बोलताना सांभाळावा. दुसरं फंडाचं. ‘आता मामांना फंडाचे नि ग्रॅच्युइटीचे एवढे लाख मिळणार’ असं कौतुकानं बोललं जातं. पण समोर भावकी बसलेली असते, उसनवारीला टपलेले असतात, मुलाच्या धंद्याचा विषय घरात तापलेला असतो. तो आकडा मामींनाही आधी माहीत असेलच असं नाही. माईकवर त्याला जागाच नाही.

विनाअपघात सेवेचा उल्लेख मात्र जरूर करावा, पण आधी आगाराच्या दप्तरात पाहून. एखादा जुना लहानसा अपघात नोंदीत असेल आणि आपण ‘एकही अपघात नाही’ म्हणालो, तर मागच्या रांगेतले वाहक एकमेकांकडे पाहतात आणि मामांची उगाच पंचाईत होते. खात्री नसेल तर मार्गाचं नाव घ्यावं. कोणता घाट, कोणतं गाव, किती वर्षं, हे ड्युटी लावणाऱ्या कारकुनाकडून एका चहात कळतं.

समारंभाची वेळ ठरवतानाही त्याच कारकुनाला विचारावं. दुपारच्या गाड्या परत येऊन संध्याकाळच्या सुटायच्या आधीचा तासभर आगारात सर्वांत जास्त माणसं असतात. त्या तासातली दोन मिनिटं स्वागताला, उरलेला बहुतेक वेळ मामांच्या मनोगताला. वर्षानुवर्षं स्टिअरिंगवर गप्प बसलेला माणूस पहिल्यांदा माईक हातात घेतो तेव्हा त्याला सुरुवात सापडायलाच पाच मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात कंट्रोलरनं संध्याकाळच्या गाडीचा पुकारा केला तर चालक-वाहक उठून जातात.